नफा वाढला, तरी आम्ही ‘थांबा’ का म्हणतो?

निकाल लागायला लागले की ग्राहकांचे फोन येतात : कंपनीचा नफा वाढलाय, मग शेअर घ्यायला हरकत काय? हरकत नसते, पण आम्ही आधी फ्री कॅश फ्लो बघतो. धंद्यातून प्रत्यक्ष जमा झालेल्या रोकडीतून यंत्रं, इमारती यांवरचा खर्च वजा केला की उरतं ते. नफ्यात उधारीवर विकलेला मालही धरलेला असतो. लाभांश आणि कर्जाचे हप्ते मात्र रोकडीतूनच द्यावे लागतात.

बरेच जण वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पत्रक उघडतात आणि शेवटची ओळ आम्हाला पाठवतात : ‘रोख रकमेतील निव्वळ वाढ’. तो फ्री कॅश फ्लो नव्हे. त्यात काढलेलं कर्जही मिसळलेलं असतं, आणि मग सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

समजा, पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा करोत्तर नफा ४० कोटी आहे. घसारा १२ कोटी; तो खर्च खात्यात पडला, पण त्यासाठी यंदा रोकड गेली नाही, म्हणून मिळवायचा. व्याजाचे ६ कोटीही मिळवले जातात, कारण आपल्याकडच्या लेखामानकांप्रमाणे ते खाली, वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवतात. झाले ५८. पण व्यापाऱ्यांकडची येणी ३० कोटींनी वाढली आणि गोदामात १० कोटींचा जास्तीचा माल पडला. धंद्यातून आले फक्त १८ कोटी. नव्या यंत्रांवर गेले २० कोटी. इथेच २ कोटींची तूट आली, आणि व्याज दिल्यावर ती ८ कोटींची झाली.

तरी शेवटची ओळ १२ कोटींची वाढ दाखवते! कारण कंपनीने २५ कोटींचं कर्ज काढलं आणि त्यातूनच ५ कोटींचा लाभांशही वाटला.

एका वर्षाची तूट बघून आम्ही कंपनी नाकारत नाही. नवा कारखाना उभा राहत असेल तर तूट येणारच. म्हणून ५ वर्षांची बेरीज करतो. विक्रीपेक्षा येणी वेगाने वाढत असतील, तर मात्र कान टवकारतो. बँका आणि वित्त कंपन्यांना हा हिशेब लावत नाही. कर्ज देणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे तिथे हा आकडा काही सांगत नाही.

जून आणि डिसेंबर तिमाहीच्या निकालांसोबत हे पत्रक सहसा नसतं, म्हणून तेवढ्यावर आम्ही लगेच मत देत नाही. याला कुणी दिरंगाई म्हणतं, पण तुमचे पैसे गुंतायचे असताना अर्ध्या माहितीवर बोलणं आम्हाला पटत नाही.

वार्षिक आढावा घेणाऱ्या ग्राहकांच्या प्रत्येक शेअरचं हे ५ वर्षांचं कोष्टक आम्ही स्वतः बनवून देतो. एकाच कंपनीबद्दल विचारायचं असेल, तर एकत्रित रोख प्रवाहाचं संपूर्ण पत्रक पाठवा, वरपासून खालपर्यंत.