सहा एसजीपीए भागिले सहा म्हणजे सीजीपीए नव्हे

निकालांचा हंगाम आला की नोकरीच्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवर ‘सीजीपीए’चा रकाना भरायची वेळ येते. शेवटची गुणपत्रिका अजून छापून आलेली नसते, पण प्रत्येक सेमिस्टरचा एसजीपीए ठाऊक असतो. मग सहा आकड्यांची बेरीज होते, तिला सहाने भागलं जातं आणि उत्तर रकान्यात जाऊन बसतं. फक्त एसजीपीए मागणारी ऑनलाइन कॅल्क्युलेटरंसुद्धा हेच करतात, कारण दुसरं काही करण्याइतकी माहिती त्यांच्याकडे नसतेच. हे उत्तर बहुतेक वेळा खऱ्याच्या इतकं जवळ येतं की कुणाला शंकाही येत नाही. पण ते चूक आहे. चूक किती मोठी असेल, तेही आधी सांगता येतं.

नियम सरळ आहे. विषयात मिळालेल्या ग्रेड पॉइंटला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, म्हणजे एसजीपीए. चार क्रेडिटच्या विषयातला ‘ए’ दोन क्रेडिटच्या ‘ए’पेक्षा दुप्पट मोलाचा असतो तो यामुळेच. सीजीपीए काढताना हीच कृती सेमिस्टरच्या पातळीवर होते. प्रत्येक एसजीपीएला त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणून बेरीज करायची आणि सगळ्या सेमिस्टरच्या एकूण क्रेडिटने भागायचं. या भारित सरासरीत सेमिस्टर जितकं जड, तितकं त्याचं मत जड. साध्या सरासरीत मात्र प्रत्येक सेमिस्टरला एकच मत मिळतं.

यूजीसीने क्रेडिट पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा सेमिस्टरचं एक उदाहरण दिलं आहे, तेच घेऊ. क्रेडिट अनुक्रमे २०, २२, २५, २६, २६, २५ आणि एसजीपीए ६.९, ७.८, ५.६, ६.०, ६.३, ८.०. गुणाकारांची बेरीज ९६९.४ येते, एकूण क्रेडिट १४४, म्हणून सीजीपीए ६.७३. आता साधी सरासरी काढा: ४०.६ भागिले ६, म्हणजे ६.७७. फरक चार शतांशांचाही नाही. पण एआयसीटीईच्या रूपांतर तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. तो तक्ता इथे लावला, तर साध्या सरासरीने हा विद्यार्थी ६० टक्क्यांच्या अटीत बसतो आणि खऱ्या सीजीपीएने बसत नाही. फॉर्मवर एक आकडा आणि कागदपत्रांच्या तपासणीत दुसरा, अशी वेळ येते ती इथे.

हा फरक नेमका कुठून येतो, ते पाहण्यासारखं आहे. १४४ क्रेडिट सहा सेमिस्टरना सारखे वाटून दिले असते, तर प्रत्येकाला २४ आले असते आणि मग साधी सरासरीच बरोबर ठरली असती. म्हणजे गडबड होते ती २४ पासून झालेल्या सरकण्यामुळे. पहिलं सेमिस्टर चार क्रेडिटने हलकं, दुसरं दोनने हलकं. तिसरं एकने जड, चौथं आणि पाचवं प्रत्येकी दोनने, सहावं एकने जड. आता फक्त हे सरकणं एसजीपीएने गुणा:

−४ × ६.९ − २ × ७.८ + १ × ५.६ + २ × ६.० + २ × ६.३ + १ × ८.० = −५.०

उणे पाच भागिले १४४, म्हणजे उणे ०.०३५. साध्या सरासरीतून एवढंच वजा केलं की अचूक सीजीपीए मिळतो. प्रत्येक क्रेडिट म्हणजे ‘२४ अधिक सरकणं’ असं लिहिलं, की २४ च्या वाट्याची बेरीज साधी सरासरी देते आणि उरलेला सगळा हिशेब सरकण्याचा असतो. या उदाहरणात हलक्या सेमिस्टरमध्ये चांगले गुण पडले आणि ५.६, ६.० आणि ६.३ ही कमकुवत सेमिस्टर नेमकी जड निघाली. म्हणून खरा आकडा खाली गेला. उलट झालं असतं, तर तो वर गेला असता.

संख्याशास्त्रात या जोडीने सरकण्याच्या मापाला कोव्हेरियन्स म्हणतात. ते उलगडलं की फरक तीन गोष्टींचा गुणाकार ठरतो: क्रेडिटचं प्रमाण विचलन, म्हणजे त्यांचा फैलाव, त्यांच्या सरासरीच्या तुलनेत किती, एसजीपीएचं प्रमाण विचलन किती आणि दोघांमधला सहसंबंध किती. गुणाकार असल्यामुळे तिघांतलं एक शून्य झालं तरी फरक शून्य. वरच्या उदाहरणात क्रेडिटचा फैलाव ०.०९३ आणि एसजीपीएचा ०.८९ आहे, म्हणजे सहसंबंध पुरेपूर असता तरी फरक ०.०८३ च्या पुढे गेलाच नसता. प्रत्यक्षात सहसंबंध उणे ०.४२ आहे, म्हणून ०.०३५ वर थांबला.

तिन्ही गोष्टी एकत्र कधी येतात? अभियांत्रिकीच्या शेवटच्या सेमिस्टरला थोडे क्रेडिट असतील आणि ते प्रोजेक्टचे किंवा इंटर्नशिपचे असतील तेव्हा. प्रोजेक्टला ग्रेड सहसा सढळ मिळते. समजा सात सेमिस्टर प्रत्येकी २२ क्रेडिटची, सगळीकडे ७.२, आठवं फक्त ८ क्रेडिटचं आणि त्यात ९.६. साधी सरासरी ७.५०. खरा सीजीपीए ११८५.६ भागिले १६२, म्हणजे ७.३२. इथे गुणांचा फैलाव पहिल्या उदाहरणापेक्षा कमीच आहे, ०.७९. पण क्रेडिटचा फैलाव ०.२३ वर गेला आणि सहसंबंध पुरता उणे एक झाला, त्यामुळे फरक पाचपटीहून मोठा झाला.

‘शेवटच्या सेमिस्टरला सगळं भरून निघतं’ ही समजूत याच साध्या भागाकारावर जगते आणि ती पसरवणाऱ्यांनी एकदा क्रेडिट मोजावेत. या विद्यार्थ्याने आठव्या सेमिस्टरमध्ये पैकीच्या पैकी १० मिळवले तरी सीजीपीए ७.३४ च्या वर जात नाही. साधा भागाकार त्याला ७.५५ दाखवतो. आठव्या सेमिस्टरचा एक पूर्ण पॉइंट इथे १६२ पैकी ८ क्रेडिटपुरताच मोजला जातो, म्हणजे सीजीपीएत ०.०५. या टप्प्यावर ७.५ गाठणं अशक्यच आहे आणि ते सातव्या सेमिस्टरच्या निकालादिवशीच कळू शकतं.

दुसऱ्या टोकाला, सगळी सेमिस्टर सारख्या क्रेडिटची असतील तर साधा भागाकार चालतो. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट ठरले आहेत. प्रत्येक सेमिस्टर २२ चं असेल तर फरक उरतो तो फक्त दशांशांच्या पूर्णांकनाचा. प्रत्येक एसजीपीए दोन दशांशांपर्यंत गोल केलेला असतो, म्हणजे त्यात चूक जास्तीत जास्त ०.००५, सरासरीतही ती त्याहून वाढत नाही. छापील सीजीपीए पुन्हा गोल केलेला असतो, तेव्हा एकूण मुभा ०.०१ ची. तुमचा हिशेब आणि गुणपत्रिका यांत याहून जास्त तफावत असेल, तर तिचं कारण पूर्णांकन नाही.

अशा वेळी आधी केटी तपासा. नापास विषयाला ग्रेड पॉइंट शून्य धरला जातो, पण त्याचे क्रेडिट भाजकात राहत असतील तर त्या सेमिस्टरचा एसजीपीए बराच खाली येतो. चार क्रेडिटचा विषय नंतर ६ पॉइंटने सुटला की २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये २४ भागिले २२, म्हणजे १.०९ ची भर पडते. जुन्या गुणपत्रिकेवरचा एसजीपीए वापरला, तर क्रेडिटने नीट गुणूनही उत्तर चुकणार. म्हणून सुधारित गुणपत्रिका समोर ठेवून प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि पॉइंट पहिल्यापासून मांडा, मध्ये एसजीपीए घेऊच नका.