पोटाला रात्रपाळी नको

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फौंड्र्यांत आणि मशीनशॉपमध्ये रात्री 11 ते सकाळी 7 अशी पाळी करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: रात्रभर राबूनही पोट सुटतंच. कारण शोधायला फार लांब जायला नको. रात्रपाळीत बहुतेकांचं एक जेवण वाढतं. घरून नऊला जेवून निघायचं, दोनला डबा उघडायचा, सुटल्यावर उप्पीट किंवा पुरी-भाजी, आणि दुपारी उठलं की पुन्हा पूर्ण जेवण. जागरणाने शरीर जास्त ऊर्जा जाळत असेल हा समजही खरा नाही. दिवसा झोपल्यावर खर्च थोडा कमीच होतो.

त्यातही दोनचा डबा सगळ्यांत महागात पडतो. रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक, वाढलेलं असतं आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडताना आवरून धरतं. त्यामुळे दुपारी दोनला भात रक्तातली साखर जेवढी वाढवतो, त्यापेक्षा तोच भात रात्री दोनला जास्त वाढवतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगात 19 जणांना रात्रपाळीसारखं वेळापत्रक दिलं होतं. रात्रीही जेवणाऱ्यांची रक्तशर्करा सुमारे 6 टक्के वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. प्रयोग छोटा आणि थोड्या दिवसांचा होता, आणि त्याने चरबी मोजली नव्हती. तेव्हा वेळ बदलली की चरबी आपोआप उतरेल, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नये. चरबी उतरते ती एकूण खाणं कमी झाल्यावर. वेळ पाळण्याचा फायदा साखरेला, शिवाय जादाचं जेवण आपसूक गळतं.

समजा, येळ्ळूरहून येणारा 84 किलोचा एक कामगार आहे. आठवड्याला पाळी बदलते. आठवड्याभरात शरीराचं घड्याळ पूर्ण उलटत नाही, सकाळचं ऊन त्याला परत मागे ओढतं. म्हणून घड्याळ उलटवायच्या मागे न लागता जेवणं दिवसाकडेच ठेवावीत. मुख्य जेवण दुपारी दोनला, उठल्यावर: दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ, भाजी, दही. दुसरं रात्री साडेआठला, त्यात भात निम्मा आणि दोन अंडी किंवा उसळ जास्त. डब्यात भाकरीऐवजी ताक आणि मूठभर भाजलेले हरभरे, तेही शक्यतो एकच्या आत. सकाळी झोपण्याआधी अगदी हलकं काही, उपाशीपोटी झोप येत नसेल तरच. या बदलात जुन्या डब्यातल्या दोन भाकऱ्या, भात आणि भाजीचे साधारण 500-600 कॅलरी जातात, आणि त्यातले 150 ताक-हरभऱ्यांनी परत येतात.

पहाटे तीन-चारला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. थंडी वाजते, गोड चहा आणि गरम भजी हवीशी वाटतात. ही भूक नसते, झोप असते. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा 70-80 कॅलरीचा, म्हणजे चार कप झाले की दोन भाकऱ्या झाल्या. शिवाय कॅफीनचा निम्मा अंश रक्तातून जायला पाचेक तास लागतात. तीनचा चहा आठला झोपताना निम्मा शिल्लक असतो. शेवटचा चहा एकला. भट्टीजवळ काम असेल तर पाणी आणि मिठाचं ताक मात्र तोडू नका.

झोप हा भाग बहुतेकांना दुय्यम वाटतो, तिथेच फसगत होते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या एका प्रयोगात जाड माणसांना तेवढंच कमी खाणं देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपायची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण चरबी पहिल्या वेळी 1.4 किलो आणि दुसऱ्या वेळी 0.6 किलो. बाकी गेलं ते चरबीखेरीज इतर वजनातून, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेंतून. म्हणून आमच्या कामगाराने सव्वाआठ ते दीड सलग झोपावं आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ डुलकी घ्यावी. खिडकीला जाड गोधडी, फोन दुसऱ्या खोलीत. घरी जाताना काळा चष्मा लावला तर ऊन कमी लागतं, पण डोळे मिटू लागले असतील तर दुचाकीवर चष्मा नकोच, आणि दुचाकीही नको.

व्यायाम संध्याकाळी पाचला, आठवड्यातून तीनदा, 25 मिनिटं: बैठका, जोर, आणि पिशवीत 8-10 किलो घालून वाकून ओढणं, प्रत्येकी तीन फेऱ्या. सकाळी सुटल्यावर व्यायाम केला तर झोप पुढे ढकलली जाते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीचा डबा डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, साखर एकदम खाली येऊ शकते.

वजन मोठ्या झोपेनंतर, लघवीला जाऊन आल्यावर रोज बघावं आणि आठवड्याची सरासरी काढावी. रात्रपाळीचा आठवडा रात्रपाळीच्याच आठवड्याशी ताडावा, कारण जागरण, मीठ आणि उभं राहून सुजलेले पाय मिळून काटा एक-दीड किलोने सहज फिरतो. दोन रात्रपाळ्यांमधल्या सरासरीत आणि बेंबीवरच्या मापात काहीच फरक नसेल, तर दुपारची एक भाकरी कमी करावी, उसळ नाही.