टाकीची भिंत नेमकी कुठे वाकते?

आमच्या सोसायटीत आग विझवण्याच्या पाण्यासाठी जमिनीवर काँक्रीटची मोठी, उघडी टाकी बांधायचं ठरलं, तेव्हा मीटिंगमध्ये दोन गोष्टी सर्वानुमते मान्य झाल्या. एक, टाकी लांब आहे, पाणी भरपूर मावणार, म्हणून भिंतीवर जोरही भरपूर येणार. दोन, पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त, म्हणून भिंत तळाशी बाहेर फुगणार. दोन्ही गोष्टी ऐकायला अगदी पटतात. दोन्ही चूक आहेत.

पहिलीचा निकाल पटकन लावता येतो. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. भिंतीमागे तलाव असो नाहीतर हातभर रुंदीची फट, पाण्याची उंची तीच असेल तर भिंतीच्या दर मीटरवरचा जोरही तोच. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेविनने हे 1586 मध्येच मांडलं होतं.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. जोर तळाशी जास्त हे खरं, पण सर्वांत जास्त सरकतो तो भिंतीचा माथा, जिथे पाणी जवळजवळ ढकलतच नाही! हे कसं होतं ते दुहेरी संकलनाने, म्हणजे दोनदा इंटिग्रेशन करून, फार सुरेख दिसतं. बारावीचं गणित थोडंफार आठवत असेल तर सोबत चला. नसेल तर समीकरणांवरून नजर फिरवून पुढचं वाचा.

लांब टाकीच्या भिंतीची मधली एक मीटर रुंदीची पट्टी डोळ्यांसमोर आणा. खाली ती तळाच्या जाड स्लॅबमध्ये घट्ट रोवलेली आहे, वर मोकळी आहे. एक टोक पक्कं आणि दुसरं मोकळं, हा झाला कॅन्टिलिव्हर. आपल्या बाल्कनीचा सज्जा आडवा कॅन्टिलिव्हर असतो, ही भिंत उभा. टाकी काठोकाठ भरली की दाब माथ्याशी शून्य असतो आणि सरळ रेषेत वाढत तळाशी सर्वांत जास्त होतो. हा दाब कागदावर काढला की त्रिकोण दिसतो, म्हणून याला त्रिकोणी भार म्हणायचं.

भिंतीची उंची L आणि तळाशी दर मीटरला येणारा भार w₀. अंतर x मोजायचं ते माथ्यापासून खाली. ही निवड महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ. x खोलीवर भार w₀x/L असतो. त्या पातळीच्या वर जेवढं पाणी ढकलतंय त्याचा छोटा त्रिकोण होतो. त्याचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण जोर, w₀x²/2L. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो, त्यामुळे हा जोर आपल्या पातळीपासून x/3 अंतरावरून भिंतीला वाकवतो. जोर गुणिले अंतर म्हणजे बेंडिंग मोमेंट:

```
M = w₀x³ / 6L
```

आता मुख्य नियम. भिंत एखाद्या ठिकाणी किती वळते, म्हणजे तिची वक्रता किती, हे तिथल्या मोमेंटच्या प्रमाणात असतं. वक्रता म्हणजे M भागिले EI. E हा काँक्रीटचा ताठरपणा आणि I हा भिंतीच्या जाडीतून येणारा ताठरपणा. x खोलीवर भिंत बाहेर किती सरकली याला y म्हणू. y चा एकदा बदलदर काढला की भिंतीचा उतार मिळतो, दुसऱ्यांदा काढला की वक्रता. आपल्या हातात वक्रता आहे आणि हवा आहे y. म्हणजे उलट्या पावली दोनदा जायचं:

```
EI·y″ = w₀x³/6L
EI·y′ = w₀x⁴/24L + C₁
EI·y  = w₀x⁵/120L + C₁x + C₂
```

इथे C₁ आणि C₂ हे दोन स्थिरांक उगवतात, आणि माझं या पद्धतीवरचं सगळं प्रेम या दोघांवर आहे. शाळेत-कॉलेजात ते शेपटासारखे जोडायचे आणि विसरायचे असतात. वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे x = 0 ठेवून दोन्ही शून्य धरणं. कागदावर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. पण x = 0 म्हणजे आपला माथा. तिथे उतार आणि सरक शून्य धरली, तर आपण भिंत आकाशात रोवली आणि पाया मोकळा सोडला!

समीकरणाला फक्त वळणं ठाऊक असतात. भिंत कुठे धरून ठेवली आहे हे त्याला बाहेरून सांगावं लागतं, आणि तेच हे स्थिरांक सांगतात. पाया घट्ट आहे, म्हणून x = L ला उतारही शून्य आणि सरकही शून्य. या दोन अटी घातल्या की:

```
C₁ = −w₀L³/24
C₂ =  w₀L⁴/30
```

आता वरच्या समीकरणांत x = 0 ठेवून पाहा. x असलेली सगळी पदं नाहीशी होतात आणि उरतात फक्त C₁ आणि C₂. म्हणजे EI ने भागलं की C₁ हा माथ्याचा उतार आणि C₂ ही माथ्याची सरक. ज्यांना आपण शेपूट समजत होतो, तेच उत्तर होतं. उतारातलं ऋण चिन्ह एवढंच सांगतं की खाली जाल तशी सरक कमी होत जाते. x पायापासून मोजला असता तर दोन्ही स्थिरांक शून्य आले असते हे खरं, पण मग मोमेंटचं एकपदी समीकरण लांबलचक झालं असतं. कष्ट इथे नाहीतर तिथे.

आकडे घालू. पाणी 3 मीटर, भिंत 300 मिलिमीटर जाड, काँक्रीट एम-30 दर्जाचं. भारतीय मानक IS 3370 प्रमाणे पाण्याच्या मोठ्या आरसीसी टाकीला याहून कमी दर्जाचं काँक्रीट चालत नाही. w₀ ढोबळपणे 30 किलोन्यूटन दर मीटर. E सुमारे 27,000 मेगापास्कल आणि I 0.00225 मीटरचा चौथा घात, म्हणून EI येतो 60,750 किलोन्यूटन-मीटर वर्ग. माथ्याची सरक 30 × 81 भागिले 30 × 60,750, म्हणजे सुमारे 1.3 मिलिमीटर. उतार 0.00056 रेडियन, अंशाच्या तिसाव्या भागाएवढा. प्रत्येक मीटर रुंदीवर साडेचार टन वजनाइतका जोर येऊनही भिंत जेमतेम जाड पुठ्ठ्याएवढी हलते.

पण मग तळाचा दाब करतो काय? तो वळवतो. मोमेंट x च्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून वळण्याचं जवळजवळ सगळं काम पायाजवळ होतं. माथ्याला जो एकूण उतार मिळतो त्यातला 80 टक्के भाग खालच्या एक मीटरमध्येच तयार होतो. वरच्या अर्ध्या भिंतीचा वाटा फक्त सोळावा हिस्सा. वरचा दीड मीटर स्वतः जवळपास सरळच राहतो आणि खालून मिळालेल्या कलानुसार नुसता तिरपा होतो. हातातली काठी मनगटात जरा वळवली की टोक वीतभर फिरतं, तसंच. मध्यावर, म्हणजे दीड मीटरवर, सरक माथ्याच्या 38 टक्के असते. हा 38 लक्षात ठेवा.

तेवढंच पाणी नव्हे, तेवढाच एकूण जोर जर संपूर्ण उंचीवर सारखा पसरला असता, तर माथा जवळजवळ दुप्पट सरकला असता. त्रिकोण उलटा करून जास्त भार माथ्याकडे दिला असता तर पावणेतीनपट. पाणी सगळ्यात सौम्य मांडणीत ढकलतं म्हणायचं.

सौम्य, पण उंचीच्या बाबतीत मुळीच नाही. w₀ स्वतःच उंचीच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सरक उंचीच्या पाचव्या घाताप्रमाणे जाते. "थोडी उंच करून घेऊ, पाणी जास्त मावेल" असं म्हणत त्याच जाडीची भिंत 4 मीटर केली, तर सरक 4.2 पट होते. मीटिंगमध्ये टाकी ईशान्येला घेतली की भिंतीला तडा जात नाही, असंही एक ज्ञान मिळालं. वरच्या सूत्रात पाण्याचं वजन, उंची, काँक्रीट आणि जाडी आहे. दिशा मला कुठेच सापडली नाही.

तडा मात्र खरोखर जाऊ शकतो, आणि तिथे हे देखणं गणित फसतं. 3 मीटरला पायाशी मोमेंट 45 किलोन्यूटन-मीटर येतो. 300 मिलिमीटरच्या भिंतीत त्यामुळे 3 मेगापास्कल ताण येतो. एम-30 काँक्रीट वाकताना सुमारे 3.8 ला तडकतं, म्हणजे आपण थोडक्यात वाचलो. पण जाडी 200 केली तर ताण 6.75 होतो. सूत्र निमूटपणे 4.5 मिलिमीटर सरक सांगतं, पण तडकलेल्या भिंतीचा I पूर्वीचा उरलेलाच नसतो, त्यामुळे खरी सरक त्याहून बरीच जास्त. आणि हा तडा पाण्याच्या बाजूला, तळाच्या सांध्यापाशी पडतो, कारण ताण आतल्या बाजूला असतो. मुख्य सळ्या तिथेच हव्यात. बाहेरून रंग लावलेली भिंत ठणठणीत दिसते.

मोजून खात्री करायची तर टाकी भरण्याआधी आणि नंतर माथ्यावर आणि मध्यावर डायल गेज लावायचे. ओळंब्याने मिलिमीटरचे भाग कळत नाहीत. वेळ पहाटेची घ्यायची. बाहेरची बाजू आतल्यापेक्षा 10 अंशांनी तापली, तर नुसत्या उन्हाने माथा दीड मिलिमीटर सरकतो, तोही आत, आणि पाण्याचा सगळा परिणाम पुसून टाकतो.

मग दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं. मध्यावरची सरक माथ्याच्या 38 टक्क्यांच्या आसपास असेल, तर भिंत आपल्या समीकरणाप्रमाणे वाकते आहे. ती 50 टक्क्यांकडे झुकली, तर भिंत वाकत नसून पायाशी दारासारखी फिरते आहे. म्हणजे "पाया घट्ट" ही आपली अटच खोटी ठरली आणि दोन्ही स्थिरांक चुकले. मग एकतर खालच्या मातीने स्लॅब तिरका होऊ दिलाय, नाहीतर सांधा आतून उघडलाय. स्लॅबच्या कडेची लेव्हल घेऊन पहिली शंका तपासता येते. दुसरीसाठी टाकी रिकामी करून टॉर्च घेऊन आत उतरावं लागतं.