चोवीस पॉइंट, पण कशाचे? स्लाइडचा आकार, अक्षर आणि रंग यांची पार्श्वभूमी

दादरच्या एका जुन्या सभागृहात आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे सादरीकरण होते. पडद्यावर प्रत्येक सदनिकेच्या क्षेत्रफळाचा तक्ता आला आणि शेवटच्या रांगेतून एका आजोबांनी विचारले, "अहो, ते ६३० आहे की ६६०?" ज्याने स्लाइड केल्या त्याने 'चोवीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको' हा सर्वश्रुत नियम पाळला होता. चूक त्याची नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण तो नियम ज्या स्लाइडसाठी रूढ झाला, ती स्लाइड आता वेगळी आहे.

चौकटीच्या रुंदी-उंचीचे चाराला तीन हे प्रमाण सिनेमातून आले. १८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने ३५ मिमी फिल्मची चौकट कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची ठेवली, ती साधारण ४:३ भरली. पुढे दूरचित्रवाणीने तेच प्रमाण उचलले, संगणकाच्या पडद्यांनी ते दूरचित्रवाणीकडून घेतले आणि १०२४ × ७६८ बिंदूंचे प्रोजेक्टरही त्याच आकाराचे झाले. १६:९ ची कल्पना १९८० च्या दशकात अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी मांडली. तेव्हा प्रचलित असलेल्या अरुंद आणि रुंद चौकटी सारख्याच क्षेत्रफळाच्या कापून एकमेकींवर ठेवल्या, तर त्या सगळ्या ज्या आयतात मावतात तो साधारण १६:९ भरतो. ती तडजोड चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्यातली होती. सभागृहातल्या भाषणाचा विचार तिच्यात कुठेच नव्हता.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले. त्याची नेहमीची स्लाइड पुढे कित्येक वर्षे १० × ७.५ इंचांची होती. २०१३ च्या आवृत्तीपासून ती १३.३३ × ७.५ इंच झाली, म्हणजे उंची तीच राहिली आणि रुंदी वाढली. उलट गूगल स्लाइड्सची १६:९ स्लाइड १० × ५.६२५ इंचांची असते. पॉइंट हे माप या कागदी इंचांवर चालते, पडद्यावर नाही, आणि खरी गफलत इथेच होते.

दादरचा पडदा आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच होता, प्रोजेक्टर जुना ४:३ चा. १० इंच रुंदीची जुनी स्लाइड त्यावर ९.६ पट मोठी होते, त्यामुळे चोवीस पॉइंट, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, पडद्यावर ३.२ इंच दिसतो. १३.३३ इंचांची स्लाइड मात्र रुंदीत अडते, ७.२ पटच वाढते. वर आणि खाली मिळून दीड फूट पडदा काळा राहतो आणि तेच चोवीस पॉइंट २.४ इंचांवर येतात. जुना परिणाम हवा असेल तर बत्तीस पॉइंट ठेवावे लागतात. गूगलच्या स्लाइडवर चोवीस पॉइंट पुन्हा ३.२ इंचच भरतात, म्हणून दोन ठिकाणी तोच आकडा लिहून निकाल वेगळा येतो. त्यातही देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा द्यावी लागते, त्यामुळे अक्षराचा गाभा त्या मापाच्या निम्म्याच्या आसपास उरतो. २.४ इंचांतला ३ आणि ६ जेमतेम सव्वा इंचाचा, आणि शेवटची रांग पंचेचाळीस फुटांवर.

हे आधी ओळखण्याची सोपी युक्ती अशी: रांगेचे अंतर चित्राच्या उंचीच्या किती पट आहे ते काढावे. इथे चित्र साडेचार फुटांचे, म्हणजे दहा पट. लॅपटॉपवर पूर्ण चौकटीत उघडलेली स्लाइड साडेसात इंच उंच दिसत असेल, तर सव्वासहा फूट मागे उभे राहून वाचावी. सभागृहाचा प्रोजेक्टर ४:३ चा निघाला तर पॉवरपॉइंटमध्ये Design → Slide Size मधून आकार बदलता येतो, पण तिथे Ensure Fit निवडले की मजकूर आक्रसतो आणि अक्षरे पुन्हा मोठी करावी लागतात.

रंगांची परंपरा दोन वेगळ्या यंत्रांची आहे. अंधाऱ्या खोलीत दाखवायच्या ३५ मिमी स्लाइड डायझो नावाच्या फिल्मवर निघत, त्यांची पार्श्वभूमी गडद निळी आणि अक्षरे पांढरी असत. उजेडात चालणाऱ्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकेवर काळी अक्षरे. आपण निळा रंग पहिल्याकडून घेतला आणि दिवे मात्र दुसऱ्यासारखे लावून ठेवले. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, जिथे प्रकाश पडत नाही तिथे ट्यूबलाइटने उजळलेला पडदाच दिसतो. तीन हजार ल्युमेनचा दिवा वापरून निम्म्यावर आला, की त्या पडद्यावर सुमारे ३३५ लक्स इतका उजेड उरतो. त्यात खोलीचे १०० लक्स धरले, तर पांढरे आणि काळे यांच्यात जेमतेम ४.३५ पटींचा फरक राहतो. निळ्यावर लाल अक्षरे असतील तर तो दीडपटीच्याही खाली जातो.

आमचा तक्ता निळ्यावर लालच होता. शेवटी रखवालदाराने पुढचे दोन दिवे मालवले आणि आजोबांना कळले की ते ६३० होते.