संमिश्र संख्येचा घन एक, घनमूळे तीन

−8 चे घनमूळ किती, असे विचारले की साधारण सायंटिफिक कॅल्क्युलेटर −2 असे उत्तर देतो. तोच प्रश्न पायथॉनला विचारला तर भलतेच काही समोर येते:

```
>>> (-8) ** (1/3)
(1.0000000000000002+1.7320508075688772j)
```

शेवटच्या दशांश स्थळावरची चूक सोडून दिली, तर ही संख्या 1 + i√3 आहे. तिचा घन करून पाहू. वर्ग −2 + 2i√3 येतो, त्याला पुन्हा 1 + i√3 ने गुणले की −2 − 2i√3 + 2i√3 − 6, म्हणजे −8. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि तिसरे, 1 − i√3, अजून बाहेरच उभे आहे. (कंस विसरून `-8 ** (1/3)` लिहिले तर −2.0 मिळते, पण ते योगायोगाने. तिथे आधी 8 चे घनमूळ निघते आणि ऋण चिन्ह मागाहून लागते.) घन करताना असा गोंधळ कधी होत नाही. −2 चा घन −8, त्याला दुसरा पर्याय नाही. घात आणि मूळ या एकमेकींच्या उलट क्रिया असूनही एकीला एकच उत्तर आणि दुसरीला तीन, असे का, हे ध्रुवीय रूपात लख्ख दिसते.

ध्रुवीय रूपात संमिश्र संख्या दोन गोष्टींनी सांगितली जाते: आरंभबिंदूपासूनचे अंतर r, म्हणजे मापांक, आणि धन वास्तव अक्षाशी होणारा कोन θ, म्हणजे कोनांक. दोन संख्यांचा गुणाकार करताना मापांकांचा गुणाकार होतो आणि कोनांकांची बेरीज होते. त्यामुळे z = r(cos θ + i sin θ) असेल तर zⁿ = rⁿ(cos nθ + i sin nθ). यातला कोनाचा भाग द म्वाव्र यांच्या नावाने ओळखला जातो. सूत्रात n च्या जागी 1/3 घालून मोकळे होण्याचा मोह इथेच पडतो. तसे केल्याने येणारे उत्तर चुकीचे नसते, अपुरे असते.

अपुरेपणाचे कारण कोनांकाच्या स्वभावात आहे. −8 चा मापांक 8 आणि कोनांक 180°. पण पूर्ण फेरी मारून आलेला 540° हा कोनही त्याच बिंदूवर नेतो आणि 900° हाही. थोडक्यात कोनांक 180° + 360°k असा आहे आणि k कोणताही पूर्णांक असू शकतो. घन करताना हा कोन तिपटीने वाढतो, तेव्हा जादा 360°k चे 1080°k होतात. त्या नेमक्या 3k पूर्ण फेऱ्या असल्यामुळे उत्तरावर त्यांची कसलीही खूण उरत नाही. मूळ काढताना कोनाला 3 ने भागायचे असते, आणि मग 360°k चे 120°k होतात. 120° ही पूर्ण फेरी नव्हे, म्हणून k बदलला की बिंदूही बदलतो. k = 0 ला 60°, k = 1 ला 180°, k = 2 ला 300°, आणि k = 3 ला 420°, म्हणजे पुन्हा 60°. म्हणून घनमूळे तीनच; न कमी, न जास्त.

मापांकाला मात्र 3 ने भागायचे नाही, त्याचे धन घनमूळ घ्यायचे. 8 चे 2. कोन भागताना हात त्याच ओघात राहून मापांकही 8/3 लिहून जातो, ही चूक वह्यांमध्ये फार आढळते. 2 त्रिज्येच्या वर्तुळावर 60°, 180° आणि 300° येथे बिंदू मांडले की 1 + i√3, −2 आणि 1 − i√3 मिळतात आणि ते जोडले की समभुज त्रिकोण तयार होतो. त्याचा गुरुत्वमध्य आरंभबिंदूवर असल्याने तिन्ही मुळांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही तर कोन किंवा मापांक कुठेतरी चुकला आहे हे लगेच कळते.

आता 1 ची घनमूळे पाहू. मापांक 1, कोनांक 0° + 360°k. म्हणून एकक वर्तुळावर 0°, 120° आणि 240°. यांनाच 1, ω आणि ω² म्हणतात, जिथे ω = −1/2 + i√3/2. कोणत्याही शून्येतर संख्येचे एक घनमूळ हाती असेल तर त्याला ω आणि ω² ने गुणून उरलेली दोन मिळतात, कारण ω ने गुणणे म्हणजे 120° ने फिरवणे. −2 ला ω ने गुणले की 1 − i√3, ω² ने गुणले की 1 + i√3.

परंतु 1 च्या मुळांचा एक गुण इतर संख्यांच्या मुळांत नसतो. ω चा वर्ग पुन्हा 1 चे घनमूळच असतो. −8 च्या मुळाचा वर्ग मात्र 4 मापांकाचा, म्हणजे वर्तुळाबाहेरचा. मापांक हेच यामागचे कारण, असे मात्र समजू नये. −1 ची घनमूळेही एकक वर्तुळावरच, 60°, 180° आणि 300° येथे असतात, तरी 60° वरील मुळाचा वर्ग 120° वर जातो आणि तो −1 चे नव्हे, 1 चे घनमूळ ठरतो.

क्रमाचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. आधी कोणतेही घनमूळ घेऊन मग घन केला तर मूळ संख्या हमखास परत मिळते. आधी घन आणि मग घनमूळ, या वाटेने तशी खात्री नाही. −2 पासून निघालो, −8 ला पोहोचलो, पण परतताना पायथॉन 1 + i√3 पाशी उतरवतो, कारण तो 180° हा मुख्य कोनांक धरून k = 0 चेच मूळ देतो. त्या सोयीच्या नियमाला गणिताचा अंतिम निर्णय मानण्याचे कारण नाही.

एकाच मुळावर थांबल्याने काय निसटते, याचे उत्तम उदाहरण इटालियन गणिती बोंबेली यांच्या 1572 च्या ग्रंथात चर्चिलेले x³ = 15x + 4 हे समीकरण आहे. घन समीकरणे सोडवण्याच्या कार्दानोच्या सूत्रानुसार x ही 2 + 11i आणि 2 − 11i यांच्या घनमुळांची बेरीज असते. (2 + i)³ = 2 + 11i असल्याने (2 + i) + (2 − i) = 4 हे एक उत्तर मिळते. आता 2 + i च्या जागी (2 + i)ω आणि 2 − i च्या जागी (2 − i)ω² घेतले की बेरीज −2 − √3 येते. ω आणि ω² ची अदलाबदल केली की −2 + √3. दोन्ही वास्तव उत्तरे समीकरणात घालून तपासता येतात. जोड्या मात्र मनाला येतील तशा लावून चालत नाही: सूत्राच्या अटीप्रमाणे दोन घनमुळांचा गुणाकार 15/3, म्हणजे 5 यावा लागतो, म्हणून शक्य असलेल्या 9 जोड्यांपैकी या तीनच चालतात.