शोधनिबंधाची लेखक-टीप: संस्था कोणती, भूमिका काय, संपर्क कोणाचा?

लेखक-टीप लिहिताना सगळ्यात जास्त घोळ संस्थेच्या नावात होतो. समजा, एका संशोधिकेने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करताना मातीचे नमुने तपासले. निबंध पाठवायची वेळ आली तेव्हा ती नाशिकच्या एका महाविद्यालयात रुजू झालेली होती. नावाखाली कोणती संस्था येणार? शिवाजी विद्यापीठ, कारण काम तिथे झालं. नाशिकचं महाविद्यालय ‘सध्याचा पत्ता’ म्हणून टिपेत वेगळ्या ओळीत येतं. नव्या नोकरीच्या ठिकाणी निबंध दाखवायचा असतो म्हणून बरेच जण हे उलटं लिहितात, पण ज्या प्रयोगशाळेने काम करू दिलं तिचं श्रेय त्यामुळे पुसलं जातं.

संस्थेचं नाव अधिकृत आणि पूर्ण लिहा. पुणे विद्यापीठ 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. एकाच निबंधात दोन सहलेखकांनी दोन नावं लिहिली, तर निबंधांची नोंद ठेवणाऱ्या सूचीत त्या दोन संस्था दिसू शकतात.

लेखक म्हणून कोणाचं नाव यावं, याच्या आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने वैद्यकीय नियतकालिकांसाठी घातलेल्या चार अटी इतर विषयांतही उपयोगी पडतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसता निधी मिळवून देणारे किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून घातलेलं नाव यात बसत नाही. त्यांचे आभार माना, तेही त्यांची लेखी परवानगी घेऊन. भूमिका लिहिण्यासाठी अनेक नियतकालिकं ‘क्रेडिट’ ही चौदा भूमिकांची यादी वापरतात. आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल:

‘पहिली लेखिका: नमुने गोळा करणे, विश्लेषण, पहिला मसुदा. दुसरे लेखक: संकल्पना, मार्गदर्शन, मसुद्यातील सुधारणा. पत्रव्यवहार: पहिली लेखिका, (पूर्ण पत्ता, ईमेल).’

संपर्काच्या ओळीत बंद न पडणारा ईमेल द्या. विद्यापीठाचा ईमेल पीएच.डी. संपल्यावर बंद होऊ शकतो, आणि निबंध छापून तीन वर्षांनी कुणी मूळ आकडेवारी मागितली तर ते पत्र पोहोचतच नाही. सोबत ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, जोडा. तो मोफत मिळतो, सोळा अंकांचा असतो (शेवटी कधी X येतो) आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो.

पाठवण्यापूर्वी हाताशी हवं ते एवढंच: सर्व लेखकांची नावं ठरलेल्या क्रमाने, त्यांची लेखी संमती, ऑर्किड क्रमांक, निधीचा मंजुरी क्रमांक आणि हितसंबंधांचं निवेदन. नाव नंतर वाढवायचं किंवा काढायचं झालं, तर संपादक साधारणपणे सगळ्यांच्या सह्या मागतात.

परीक्षण दुहेरी गुप्त असेल, म्हणजे लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर ही टीप मुख्य फाइलमध्ये ठेवू नका, शीर्षकपानाच्या वेगळ्या फाइलमध्ये द्या. मुख्य फाइलच्या गुणधर्मांत, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये, तुमचं नाव राहिलेलं असतं, तेही काढा.