डिझाइन ज्युरीची तयारी

डिझाइन ज्युरी ही वास्तुकला आणि इतर डिझाइन शाखांमधली तोंडी परीक्षा आहे. विद्यार्थी आपला प्रकल्प शीट आणि मॉडेल लावून परीक्षकांपुढे मांडतो, ते त्यात उणिवा काढतात आणि विद्यार्थ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. एकाच्या वाट्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे येतात, त्यांतली पाच ते सात बोलण्याची आणि उरलेली प्रश्नांची. या वेळेत शांतपणे बोलणे, टीका ऐकून घेणे आणि महत्त्वाच्या निर्णयांच्या पाठीशी उभे राहणे या तिन्हींची तयारी आदल्या आठवड्यात करता येते. बहुतेक विद्यार्थी मात्र तो आठवडा फक्त शीट पूर्ण करण्यात घालवतात.

पूर्वीची पद्धत

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कला आणि वास्तुकलेच्या शाळेत ज्युरी बंद दाराआड बसत असे आणि विद्यार्थी तिथे हजर नसे. त्याच्या वतीने फक्त रेखाटने बोलत. मात्र तिथे एक कडक नियम होता. स्पर्धेच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला स्वतंत्र खोलीत ठरावीक तासांत एक कच्चे रेखाटन करून द्यावे लागे आणि पुढे महिनोन्‌महिने काम करून सादर केलेली अंतिम रचना त्या रेखाटनाशी जुळावी लागे. मूळ कल्पना सोडली तर प्रकल्प स्पर्धेतून बाद होई. म्हणजे पहिला निर्णय काय होता आणि पुढे तो कसा निभावला, हे तेव्हाही तपासले जाई. विसाव्या शतकात ज्युरी खुली झाली, विद्यार्थी शीटशेजारी उभा राहू लागला आणि निर्णय निभावल्याचे तोंडाने सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर आली.

निर्णय वेगळे काढणे

प्रकल्पात शेकडो गोष्टी ठरवलेल्या असतात, पण ज्यांच्यावर बाकीचे सगळे उभे आहे असे निर्णय तीन-चारच असतात. ते ओळखायची खूण सोपी आहे. निर्णय बदलला तर प्लॅन नव्याने काढावा लागतो का? लागत असेल तर तो मुख्य निर्णय. रेलिंगचा नमुना किंवा फरशीचा रंग बदलून प्लॅन हलत नाही, म्हणून त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

उदाहरणादाखल एका वस्तीतल्या छोट्या ग्रंथालयाचा प्रकल्प घेऊ. भूखंड ३६ मीटर लांब आणि २४ मीटर खोल आहे, लांब बाजू पश्चिमेला आणि रस्ताही तिकडेच. विद्यार्थिनीचे मुख्य निर्णय तीन. वाचन-कक्ष पहिल्या मजल्यावर उत्तरेच्या बाजूला, कारण उत्तर गोलार्धात तिकडचा उजेड दिवसभर सौम्य आणि जवळपास एकसारखा राहतो. पुस्तकांच्या रॅकची पट्टी पश्चिमेला, म्हणजे दुपारचे ऊन वाचकांपर्यंत पोचण्याआधीच अडते. आणि तळमजल्यावर रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत ३ मीटर रुंदीची खुली वाट.

प्रत्येक निर्णयासाठी तिने चार ओळी लिहून काढाव्यात: काय ठरवले, का ठरवले, कोणता पर्याय सोडला आणि या निर्णयाने काय गमावले. चौथी ओळ लिहायला सर्वांत जिवावर येते आणि ज्युरीत तीच सर्वाधिक कामी येते. रॅक पश्चिमेला नेल्याने रस्त्याकडची भिंत जवळजवळ कोरी झाली आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर मोठा भार आला. खुल्या वाटेत भूखंडाच्या ८६४ चौरस मीटरपैकी ७२ चौरस मीटर गेले. ज्युरर याच जागी बोट ठेवणार, कारण अनुभवी माणसाला प्लॅन पाहताच गमावलेली गोष्ट आधी दिसते. ती विद्यार्थिनीने स्वतः आधी मोजलेली असेल, तर प्रश्न आल्यावर ती गडबडत नाही.

प्रत्येक ओळीपुढे शीटचा क्रमांकही लिहावा. जो निर्णय दाखवायला एकही रेखाटन नाही, त्याचा बचाव तोंडाने होत नाही. पश्चिमेच्या उन्हाबद्दल बोलायचे तर त्या भिंतीचा १:५० चा छेद हवा आणि त्यात दुपारच्या सूर्यकिरणाची रेघ हवी. शेवटच्या रात्री वेळ उरला असेल तर आणखी एक रंगीत दृश्य काढण्यापेक्षा हा छेद काढावा.

मांडणी

शांतपणा स्वभावातून येतो असे समजले जाते, पण ज्युरीपुरता तरी तो बराचसा क्रमातून येतो. शीट ज्या क्रमाने बोलायचे त्याच क्रमाने लावलेल्या असल्या की पुढे काय, हे आठवावे लागत नाही. साइट प्लॅन, प्लॅन, छेद, मग मॉडेल हा साधा क्रम बहुतेक वेळा पुरतो. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण आणि छेद कुठून घेतला त्याची रेघ प्रत्येक प्लॅनवर असावी. ती नसली की पहिली दोन मिनिटे ज्युरर इमारतीत शिरण्याऐवजी दिशा शोधत राहतात आणि ती अस्वस्थता पुढच्या प्रश्नांत उतरते. दोन मीटरवरून न वाचता येणारी अक्षरे मोठी करावीत किंवा काढून टाकावीत.

पूर्ण भाषण पाठ करू नये. मध्येच कोणी प्रश्न विचारला की पाठांतराचा धागा तुटतो आणि तो पुन्हा सापडत नाही. पहिली दोन वाक्ये मात्र पक्की पाठ असावीत, कारण आवाज थरथरतो तो सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात. त्या वाक्यांत प्रकल्प काय आहे आणि त्यात कोणती अडचण सोडवली आहे, एवढेच यावे. ‘माझी पश्चिमेची बाजू रस्त्याला आहे आणि वाचायला तिथलाच उजेड सर्वांत वाईट आहे. म्हणून पुस्तके पश्चिमेला आणि वाचक उत्तरेला.’ हे ऐकल्यावर ज्युरर पुढची प्रत्येक शीट याच नजरेने पाहतो. ‘वेळ कमी पडला’, ‘मॉडेल थोडे राहिले आहे’ अशी सुरुवात केली तर तो राहिलेलेच शोधू लागतो.

सराव उभ्याने, मोठ्या आवाजात, लावलेल्या शीटपुढे करावा, तोही प्रकल्प न पाहिलेल्या माणसासमोर. त्याने कुठे भुवया उंचावल्या ती जागा लक्षात ठेवावी. मनातल्या मनात केलेला सराव फसवा असतो, कारण मनात पाच मिनिटांत संपणारे प्रत्यक्षात आठ मिनिटे चालते. प्रिंट आदल्या दिवशी हातात असाव्यात आणि ती रात्र झोपेला द्यावी. थकलेला माणूस प्रश्न अर्धाच ऐकतो आणि भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ज्युरीत पुष्कळ खटके याच कारणाने उडतात.

टीकेला उत्तर

प्रश्न संपेपर्यंत थांबावे, एक श्वास सोडावा आणि प्रश्न आपल्या शब्दांत थोडक्यात परत म्हणावा. ‘रस्त्यावरून इमारत बंद वाटते, असे तुम्हाला म्हणायचे आहे ना?’ यातून विचार करायला काही सेकंद मिळतात आणि प्रश्न चुकीचा समजला असेल तर तो तिथेच दुरुस्त होतो.

मग टीका कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे. ग्रंथालयाच्या ज्युरीत तीन वेगवेगळे प्रहार झाले असे समजू. पहिला रॅम्पवर. जोते ४५० मिलिमीटर उंच आणि रॅम्प ३ मीटर लांब, म्हणजे उतार साधारण १:६.७. चाकाच्या खुर्चीसाठी तो धोकादायक आहे, १:१२ च्या उताराला ५.४ मीटर लांबी लागते. ही सरळ चूक आहे. ‘बरोबर आहे, लांबी कमी पडली. अंगणाच्या बाजूने वळवला तर ५.४ मीटर बसतो,’ एवढे म्हणून पुढे जावे. चुकीचा बचाव केला की नंतरच्या खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरा प्रहार निर्णयावरच. ‘पश्चिमेला मोठ्या खिडक्या देऊन वर सज्जा काढला असता तर भिंत कोरी राहिली नसती.’ हा तिने सोडलेलाच पर्याय आहे, म्हणून इथे ठाम राहायचे. दुपार कलल्यावर पश्चिमेचा सूर्य खाली येतो. तो क्षितिजापासून ३० अंशांवर भिंतीसमोर असताना १.२ मीटरचा सज्जा खाली जेमतेम ०.७ मीटर सावली पाडतो. २.४ मीटर उंचीच्या खिडकीचा बहुतेक भाग उन्हातच राहतो. हे छेदावर बोट ठेवून सांगितले की वाद आवडीनिवडीचा उरत नाही. त्याच दमात गमावलेलेही मान्य करावे: ‘भिंत कोरी होते हे खरे, म्हणूनच तळमजल्यावर रस्त्यापासून अंगण दिसेल अशी वाट ठेवली.’

तिसरा प्रहार सर्वांत अवघड. ‘वाचकांना उन्हातून वाचवलेस आणि पुस्तके तापत्या भिंतीला लावलीस. उष्णतेने कागद खराब होत नाही का?’ होतो. इथे निर्णय आणि तो अमलात आणण्याची रीत वेगळी करता आली पाहिजे. रॅकची पट्टी पश्चिमेला ठेवणे हा निर्णय, रॅक भिंतीला चिकटवणे ही रीत. रीत सोडता येते. भिंत आणि रॅक यांच्यामध्ये १.२ मीटरची चालायची जागा सोडली आणि भिंत दुहेरी करून मध्ये पोकळी ठेवली, तर निर्णय टिकतो आणि पुस्तकेही बरीच सुरक्षित होतात. ‘हे मी धरले नव्हते. छेदात इथे जागा सोडून करता येईल,’ असे म्हणून पेन्सिलने तिथेच रेघ मारून दाखवणारा विद्यार्थी मला आधीपासून सगळे ठाऊक असणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. पण जागा सोडल्याने वाचन-कक्ष तेवढा आखडतो, हेही सांगायला हवे. स्लॅबवरच्या भाराचा प्रश्न लगेच पाठोपाठ येईल, कारण रॅकखाली वाचन-कक्षाच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक भार धरावा लागतो. त्या पट्टीत खांब जवळ जवळ घेतले असतील तर ते प्लॅनवर दाखवावेत.

हट्ट कुठे सुरू होतो

बचाव कधी थांबवावा याची एक खूण आहे. वेगवेगळे ज्युरर वेगवेगळ्या कारणांनी एकाच जागेवर येऊ लागले आणि प्रत्येक उत्तराला शीटवर नसलेल्या गोष्टीचा आधार घ्यावा लागू लागला, तर तो निर्णय डळमळीत आहे. तिथे ‘हे पुन्हा तपासावे लागेल’ म्हणणे योग्य. एकट्या ज्युररला दगड आवडत नाही म्हणून दगड सोडायचे कारण नाही. दोन ज्युरर आपसांतच उलटसुलट बोलू लागले तर मध्ये पडू नये. दोघांचे ऐकावे आणि विचारल्यास आपल्या निर्णयाला कोणाचा मुद्दा लागू होतो तेवढे सांगावे. कोणी कामाऐवजी विद्यार्थ्यावर घसरला तर त्या शेऱ्याला उत्तर न देता ‘कोणत्या शीटबद्दल म्हणता आहात?’ असे विचारले की बोलणे बहुधा रेखाटनाकडे परत येते. नेहमीच येते असे नाही. ज्युररच्या हातात गुण असतात आणि विद्यार्थ्याच्या हातात नसतात, ही विषमता कितीही तयारीने पुसली जात नाही.

उभे असताना ऐकलेले निम्मेही आठवत नाही, म्हणून एका मित्राला मागे बसवून प्रत्येक शेरा, ज्युरर आणि शीटचा क्रमांक लिहून घ्यायला सांगावे. ग्रंथालयाच्या बाबतीत त्या कागदावरून तीन कामे निघतील: रॅम्प वळवणे, रॅकमागची जागा छेदात आणि प्लॅनमध्ये घेणे, आणि आखडलेल्या वाचन-कक्षात किती खुर्च्या बसतात ते नव्याने मोजणे.